नेपाळात आपल्या यूपीआय अ‍ॅपने पैसे देणे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेला आपल्या भागातून गाड्या सुटायला लागल्या की तेच ते प्रश्न फोनवर येतात. सगळ्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. दोन देशांच्या क्यूआर यंत्रणा एकमेकींना जोडण्याचे करार भारताने इतर देशांशीही केले आहेत. इथे भर नेपाळवर आहे, कारण आपल्याकडचा माणूस तिकडे जास्त जातो आणि तिथला हिशेब कुणालाही कागदावर मांडून पाहता येतो.

खरंच तिथल्या दुकानात आपला फोन चालतो का?

चालतो. मार्च २०२४ पासून भारतीय यूपीआय अ‍ॅपने नेपाळी दुकानदाराचा क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. भारताच्या बाजूने हे काम देशातलं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची परदेशी व्यवहार पाहणारी कंपनी करते. तिचं नाव एनपीसीआय इंटरनॅशनल पेमेंट्स लिमिटेड, ती २०२० साली स्थापन झाली. नेपाळच्या बाजूने Fonepay नावाचं तिथलं पेमेंट नेटवर्क आहे.

इथे पहिला घोटाळा होतो. नेपाळचं Fonepay आणि आपल्या मोबाइलमधलं PhonePe यांचा काडीचा संबंध नाही. उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं, मालक वेगळे. काठमांडूच्या काउंटरवर लाल रंगाचा Fonepay फलक पाहून "आपलं PhonePe आहे की" असं म्हणणारे खूप भेटतात. त्या फलकावर पैसे द्यायला PhonePe च लागतं असं नाही. परदेशी व्यवहाराची सोय असलेलं कुठलंही यूपीआय अ‍ॅप चालतं. आणि तुमच्याकडे PhonePe आहे म्हणून नेपाळातला प्रत्येक क्यूआर चालेल, असंही नाही.

मग कुठला क्यूआर चालतो, कुठला नाही?

नेपाळात क्यूआरची एकाहून जास्त नेटवर्कं आहेत. Fonepay हे एक. नेपाळ क्लिअरिंग हाउसचं NepalPay दुसरं. त्याशिवाय वॉलेटवाल्यांचे आपापले क्यूआर आहेत. आपल्या यूपीआयची दुकानात पैसे देण्याची जोडणी Fonepay शी झालेली आहे. म्हणून काउंटरवर तीन-चार क्यूआर शेजारी शेजारी चिकटवलेले असतील तर Fonepay चा शोधून त्यावरच कॅमेरा धरा. पहिला क्यूआर चालला नाही म्हणून "इथे यूपीआय नाही" असं समजून बाहेर पडू नका, शेजारचा चालू शकतो.

दुसरी मर्यादा अशी की ही सोय दुकानदारासाठी आहे, माणसासाठी नाही. हॉटेल, औषधाचं दुकान, रुद्राक्षाचं दुकान, ट्रॅव्हल एजन्सी, जिथे व्यापारी म्हणून क्यूआर घेतलेला आहे तिथे पैसे जातात. टॅक्सीवाल्याने स्वतःच्या मोबाइलवर वैयक्तिक खात्याचा क्यूआर उघडून दाखवला तर तो व्यवहार होणार नाही. त्यात अ‍ॅपचा दोष नसतो. माणसाकडून माणसाला पैसे पाठवणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वेगळा व्यवहार, आणि त्याची परवानगीही वेगळी असते.

त्या चौकोनात असतं तरी काय? अ‍ॅपला कसं कळतं की हा नेपाळचा आहे?

आपल्याकडच्या चहाच्या टपरीवरचा क्यूआर उलगडला तर आत साधी एक ओळ निघते:

```
upi://pay?pa=...&pn=...&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, `pn` म्हणजे नाव, `cu` म्हणजे चलन. ही लिहिण्याची पद्धत भारतापुरती आहे. नेपाळसह बऱ्याच देशांनी कार्ड कंपन्यांच्या ईएमव्हीको या संस्थेने ठरवलेली पद्धत घेतली आहे. तिच्यात प्रत्येक माहितीला दोन आकडी क्रमांक असतो, त्यानंतर ती माहिती किती अक्षरांची आहे ते दोन आकड्यांत, आणि मग माहिती. पोखऱ्याच्या एखाद्या खानावळीच्या क्यूआरमधले चार तुकडे असे दिसतील:

```
52045812
5303524
54044800
5802NP
```

पहिल्या ओळीत ५२ हा धंद्याच्या प्रकाराचा क्रमांक. ०४ म्हणजे पुढे चार अक्षरं आहेत, आणि ५८१२ म्हणजे खानावळ किंवा रेस्टॉरंट. दुसरी ओळ चलनाची, ५२४ हा नेपाळी रुपयाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. भारतीय रुपयाचा ३५६ असतो. तिसरी रकमेची, ४८००. चौथी देशाची, `NP`. यांच्याशिवाय दुकानदाराचं नाव, गाव, तो कुठल्या नेटवर्कचा कितवा ग्राहक आहे, हे सगळं असतं. शेवटी चार अक्षरांची एक तपासणी बेरीज असते. मधलं एक अक्षर जरी चुकीचं वाचलं गेलं तरी ती जुळत नाही आणि अ‍ॅप क्यूआर नाकारतं.

म्हणजे अ‍ॅपने हा चौकोन वाचला की त्याला तीन गोष्टी लगेच कळतात: देश भारत नाही, चलन रुपया आहे पण आपला नाही, आणि नेटवर्क कुठलं. पुढचा सगळा रस्ता यावरून ठरतो.

बिलाच्या मशीनवर तेवढ्यापुरता उमटलेला क्यूआर असेल तर रक्कम त्यातच असते. काउंटरला चिकटवलेल्या क्यूआरमध्ये रक्कम नसते, ती तुम्ही टाकायची. ती नेपाळी रुपयात टाकायची. यावर पुढे आणखी लिहिलं आहे, कारण नुकसान याच ठिकाणी होतं.

स्कॅन केल्यापासून "पेमेंट झालं" येईपर्यंत आत काय घडतं?

समजा खानापूरची काही मंडळी पोखऱ्यात जेवायला बसली आहेत आणि बिल झालं ४,८०० नेपाळी रुपये.

अ‍ॅप क्यूआर वाचतं आणि ती माहिती एनपीसीआयच्या यंत्रणेकडे पाठवतं. एनपीसीआय Fonepay ला विचारते की या क्रमांकाचा दुकानदार तुमच्याकडे आहे का आणि तो चालू आहे का. Fonepay कडून दुकानाचं नाव येतं. त्याच वेळी त्या क्षणाचा विनिमय दर लागतो आणि तुमच्या स्क्रीनवर तीन गोष्टी दिसतात: दुकानाचं नाव, नेपाळी रुपयातली रक्कम, आणि तुमच्या खात्यातून कापली जाणारी भारतीय रुपयातली रक्कम. इथपर्यंत एक पैसाही हललेला नसतो.

तुम्ही यूपीआय पिन टाकता. पिन नेपाळात कुठेही जात नाही, तो तुमच्या बेळगावच्या बँकेपर्यंतच जातो. बँक खात्यात शिल्लक आहे का ते पाहते, भारतीय रुपये कापते आणि "कापले" असं एनपीसीआयला कळवते. एनपीसीआय ते Fonepay ला कळवते, Fonepay दुकानदाराच्या बँकेला. दुकानदाराच्या मोबाइलवर ४,८०० जमा झाल्याचा संदेश येतो. एवढं सगळं काही सेकंदांत होतं.

दुकानदाराला भारतीय रुपया कधी दिसतच नाही. त्याच्या खात्यात नेपाळी रुपयेच येतात, स्थानिक गिऱ्हाइकाने दिल्यासारखे. म्हणून "इंडियन पेमेंट घेता का?" असं विचारलंत तर बरेच दुकानदार नाही म्हणतील. त्याऐवजी नुसतं "क्यूआर आहे का?" असं विचारा.

म्हणजे माझे पैसे त्या सेकंदात सीमा ओलांडून गेले?

नाही. त्या सेकंदात सीमा ओलांडतात ते फक्त संदेश. दिवसभरात असे हजारो व्यवहार होतात. मग दोन्ही नेटवर्कं आपापल्या याद्या जुळवतात, आणि जी एकूण रक्कम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला देणं निघते ती ठरवलेल्या बँकांमार्फत नंतर चुकती होते. आपल्या आठवडी बाजारात दोन व्यापारी दिवसभर एकमेकांच्या गिऱ्हाइकांना माल देतात आणि संध्याकाळी फक्त फरकाचे पैसे मोजतात, तशातली गोष्ट.

नेपाळच्या बाबतीत आणखी एक खास गोष्ट आहे. परकीय चलनाच्या भारतीय नियमांत नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन काढायला मनाई आहे. सिंगापूरला निघालेल्या माणसाला बँक डॉलर देते, काठमांडूला निघालेल्याला देत नाही. या दोन देशांशी आपला व्यवहार भारतीय रुपयातच चालावा अशी मूळ रचना आहे. नेपाळलाही ते हवंच असतं. तिथले लोक भारताकडून एवढा माल घेतात की नेपाळ राष्ट्र बँकेला, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेला, डॉलर विकून भारतीय रुपये घ्यावे लागतात. आपल्या यात्रेकरूने पोखऱ्यात दिलेला पैसा तिथल्या बँकिंग व्यवस्थेत अधिकृतपणे भारतीय रुपया म्हणून पोचला, तर तेवढी गरज भागते.

दर कोण ठरवतो? आणि मला लुबाडलं जात नाही ना, हे कसं कळणार?

नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला बांधलेला आहे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. हा दर रोज हलत नाही. म्हणून आपण स्वतः तपासू शकतो, आणि थायलंड किंवा श्रीलंकेत हे इतकं सोपं नाही.

खानावळीचं बिल घ्या. ४,८०० ला १.६ ने भागलं की ३,००० भारतीय रुपये. ही खरी किंमत. आता पिन टाकण्याआधी स्क्रीनवर समजा ३,०७५ दिसले. वरचे ७५ म्हणजे अडीच टक्के, बँकेचं किंवा मध्यस्थांचं शुल्क. हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतला आहे. तुमच्या बँकेचा वेगळा असेल, आणि तो तुम्हाला पिन टाकण्याआधीच दिसतो. पटला नाही तर मागे जा, काही कापलं जात नाही.

आता रोखीशी तुलना करा. हॉटेलवाले कधी कधी हिशेब सोपा करायला शंभराला दीडशे धरतात. तसं धरलं तर ४,८०० नेपाळीसाठी तुम्ही ३,२०० भारतीय द्याल. तिथे क्यूआर सव्वाशे रुपयांनी स्वस्त पडला. पण दुकानदार शंभराला एकशे साठ धरत असेल, आणि मोठ्या दुकानांत धरतातच, तर रोख स्वस्त. म्हणून प्रत्येक मोठ्या बिलाला १.६ ने भागायची सवय लावा. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतोच.

"आयसी" आणि "एनसी" म्हणजे काय?

नेपाळात, विशेषतः सीमेजवळ, दुकानदार भाव सांगताना विचारतात: आयसी की एनसी? आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. भारतीय चेहरा पाहिला की काही जण न विचारताच आयसीत भाव सांगतात.

क्यूआरने देताना घोळ असा होतो. दुकानदार म्हणाला शाल पाचशेला. त्याच्या मनात आयसी, म्हणजे ८०० नेपाळी. तुम्ही अ‍ॅपच्या रकान्यात ५०० टाकलेत. तो रकाना नेपाळी रुपयाचा, म्हणून त्याच्या खात्यात ५०० एनसी गेले आणि तुमचे कापले गेले साधारण ३१२ रुपये. तो म्हणणार अजून ३०० द्या. तुम्हाला वाटणार फसवतोय, पण बरोबर तोच आहे. उलटंही होतं: त्याने ८०० एनसी सांगितले, तुम्ही आयसी समजून १,२८० टाकले. जास्तीचे परत मिळवायला मग त्याचीच मर्जी सांभाळावी लागते. उपाय एकच आहे. पिन टाकण्याआधी स्क्रीन त्याच्यासमोर धरा आणि "एनसी एवढे?" असं विचारून घ्या.

बेळगावातून निघण्याआधी काय करून ठेवायचं?

परदेशी व्यवहार यूपीआयमध्ये आपोआप चालू नसतात. अ‍ॅपमध्ये जाऊन `UPI International` किंवा `UPI Global` नावाचा पर्याय चालू करावा लागतो. तो प्रत्येक बँक खात्यासाठी वेगळा असतो आणि पिन विचारतो. बरीच अ‍ॅपं किती दिवसांसाठी चालू ठेवायचं ते विचारतात आणि मुदत संपली की तो आपोआप बंद होतो. लांबच्या यात्रेत मुक्तिनाथला पोचेपर्यंत मुदत संपून गेली, असं घडतं. परतीच्या तारखेपर्यंतची मुदत मिळत असेल तर तेवढी टाका, नाही तर मध्येच पुन्हा चालू करायचं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सिमची, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. यूपीआय अ‍ॅप तुमच्या फोनला आणि तुमच्या सिमला बांधलेलं असतं. एकदा नोंदणी झाली की पैसे द्यायला फक्त इंटरनेट लागतं, मग ते हॉटेलचं वायफाय असो की नेपाळी सिमचा डेटा. पण स्वस्त डेटासाठी काठमांडूत नेपाळी सिम घेतलं आणि आपलं सिम काढून खिशात ठेवलं, तर अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागू शकतं. त्या नोंदणीसाठी तुमच्या भारतीय नंबरवरून एसएमएस जावा लागतो. रोमिंग नसेल तर तो जात नाही, आणि तुम्ही अडकलात. म्हणून दोन सिमचा फोन असेल तर भारतीय सिम पहिल्या खाचेत तसंच राहू द्या, नेपाळी सिम दुसऱ्या खाचेत घाला. एकाच सिमचा फोन असेल तर सिम बदलू नका, वायफायवर भागवा. बँकेचे एसएमएस यावेत म्हणून निघण्याआधी रोमिंग चालू करून घेतलेलं बरं.

नवीन फोन घेऊन लगेच निघण्याचा मोहही टाळा. नव्या फोनवर नोंदणी केली की पहिले काही तास यूपीआयची मर्यादा कमी असते.

माझं खातं पतसंस्थेत आहे. चालेल?

नाही. पतसंस्था ही बँक नाही, तिचं खातं यूपीआयला जोडता येत नाही.

सहकारी बँकेचं खातं असेल तर उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. आपल्याकडे अनेकांची मुख्य खाती नागरी सहकारी बँकांत असतात. त्यातल्या बऱ्याच बँकांचं देशातलं यूपीआय चालतं. परदेशी व्यवहारासाठी मात्र बँकेने स्वतंत्रपणे एनपीसीआयची सोय चालू करून घ्यावी लागते, आणि ती प्रत्येक बँकेने केलेली नाही. कसं ओळखायचं? अ‍ॅपमध्ये वर सांगितलेला पर्याय उघडा. तुमचं खातं तिथे यादीत दिसलं आणि चालू करता आलं तर ठीक. दिसलंच नाही, किंवा बँक ही सुविधा देत नाही असा संदेश आला, तर निघायच्या आधी एखाद्या मोठ्या बँकेच्या खात्यात प्रवासापुरते पैसे वळवा. यात्रेच्या गटात एक-दोघांचीच खाती चालू असतात, मग सगळ्यांची बिलं त्यांच्याच गळ्यात पडतात आणि घरी आल्यावर वसुलीची वही काढावी लागते. यूपीआयच्या दिवसाच्या मर्यादेचाही अशा वेळी प्रश्न येतो.

पैसे कापले गेले, पण दुकानदार म्हणतो आले नाहीत. आता?

आधी घाई करून दुसऱ्यांदा देऊ नका. अ‍ॅपमध्ये व्यवहाराची स्थिती पाहा. तीन शक्यता असतात.

"अयशस्वी" लिहिलं असेल तर पैसे बहुधा कापलेच नाहीत, किंवा लगेच परत येतात. "यशस्वी" लिहिलं असेल आणि दुकानदाराकडे संदेश आला नसेल तर त्याला त्याच्या Fonepay अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी उघडून पाहायला सांगा. डोंगरात नेटवर्क कमी असतं, संदेश उशिरा येतो, यादीत मात्र नोंद असते. रक्कम आणि वेळ जुळली की तुमचा व्यवहार क्रमांकही शोधून पाहा.

खरी डोकेदुखी "प्रलंबित" ची. याचा अर्थ तुमच्या बँकेने पैसे कापले, पण पलीकडून होकार किंवा नकार काहीच आला नाही. भारतात असं झालं तर आपल्याला ठाऊक असतं: दुकानदाराला पैसे पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, नाही तर बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची. रिझर्व्ह बँकेचा हा नियम सप्टेंबर २०१९ चा आहे. पण तो देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे, देणारा आणि घेणारा दोघेही भारतात असतील तेव्हाच लागू होतो. पोखऱ्याच्या खानावळीत अडकलेल्या पैशासाठी "रोज शंभर द्या" असं बँकेला सांगता येत नाही. पैसे मिळतात, पण दोन्ही नेटवर्कांच्या याद्या जुळेपर्यंत थांबावं लागतं, आणि नेपाळात शनिवारी सुट्टी असते, आपल्याकडे रविवारी, तेव्हा मध्ये आठवडाअखेर आली तर आणखी थोडं.

तक्रार नेपाळात कुठेही करायची नाही. अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावर जाऊन तिथूनच तक्रार नोंदवा आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. अ‍ॅपने हात झटकले तर तुमच्या बँकेत लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. स्क्रीनशॉट आणि दुकानाचं छापील बिल दोन्ही जपून ठेवा. बिलावर दुकानाचं नाव असतं, आणि ते व्यवहारातल्या नावाशी जुळतंय हे दाखवता येतं.

दुकानदाराने परतावा दिला तर पूर्ण पैसे मिळतात का?

नेपाळी रुपयातली रक्कम पूर्ण परत येते, पण तुमचं शुल्क परत येईलच असं नाही. छोटी रक्कम असेल तर दुकानदाराकडून सरळ नेपाळी रोख घ्या आणि तिथेच खर्च करा. आपल्याकडे परत आणून ती बदलायची कुठे, हा वेगळाच ताप.

सोनौलीच्या पलीकडचा दुकानदार आपला भारतीय क्यूआर दाखवतो. त्यात काय वाईट?

सीमेवर हे दिसतं. दुकान नेपाळात, आणि क्यूआर कुणातरी भारतीय ओळखीच्या माणसाच्या खात्याचा. तुमच्या बाजूने तो साधा देशांतर्गत व्यवहार ठरतो, शुल्कही लागत नाही. ओळखायला सोपं आहे: अ‍ॅप देशाचं किंवा दराचं काहीच दाखवत नाही, थेट भारतीय रुपयात रक्कम मागतं, आणि नाव दुकानाचं नसून कुण्या माणसाचं असतं.

वाईट अशासाठी की पैसा नेपाळच्या बँकिंग व्यवस्थेत येतच नाही. नेपाळ राष्ट्र बँकेने मे २०१९ मध्ये अलीपे आणि वीचॅट पे यांच्यावर बंदी घातली ती याच कारणाने. चिनी पर्यटक नेपाळातल्या दुकानात चिनी क्यूआरवर पैसे देत, आणि ते पैसे चीनमध्येच राहत. अधिकृत जोडणीचा उगम एका अर्थाने या अनुभवात आहे. आपल्या दृष्टीने धोका वेगळा आहे. माल खराब निघाला तर दुकानाशी तुमचा काहीच कागद नसतो. तक्रार करायची झाली तर ती एका अनोळखी माणसाविरुद्ध करावी लागते.

आमच्या सोसायटीचा नेपाळी वॉचमन विचारतो, याच क्यूआरने घरी पैसे पाठवता येतील का?

नाही, वर म्हटल्याप्रमाणे ही सोय दुकानदारांपुरती आहे. माणसाकडून माणसाला पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँक आणि नेपाळ राष्ट्र बँक यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपलं यूपीआय आणि तिथलं नॅशनल पेमेंट्स इंटरफेस जोडण्याच्या कामाच्या अटींवर सह्या केल्या. ती वेगळी जोडणी आहे. सध्या त्याच्यासाठी भरवशाचा मार्ग म्हणजे बँकेच्या शाखेतून एनईएफटीने चालणारी भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा. २००८ पासून ती आहे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात. शाखेतल्या कर्मचाऱ्यालाही कधी कधी ती ठाऊक नसते, तेव्हा पूर्ण नाव सांगून विचारायला लावा.

सिंगापूरशीही आपली जोडणी आहे ना? ती अशीच का?

नाही, जवळजवळ उलटी. २१ फेब्रुवारी २०२३ ला यूपीआय आणि सिंगापूरचं पेनाउ जोडलं गेलं ते मुळात माणसाकडून माणसाला पैसे पाठवण्यासाठी. सुरुवातीला भारतातून दिवसाला ६०,००० रुपयांची मर्यादा होती. म्हणून "यूपीआय त्या देशात चालतं" ही बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारा: दुकानात की घरी पाठवायला?

दिशासुद्धा वेगवेगळी असते. आपण तिकडे स्कॅन करू शकतो याचा अर्थ तिकडचा माणूस बेळगावच्या खडेबाजारात त्याच्या अ‍ॅपने स्कॅन करू शकतो, असा होत नाही. प्रत्येक दिशेला स्वतंत्र परवानगी लागते. इथल्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मलेशियन मुलांना हे चांगलं ठाऊक असेल. त्यांच्या घरच्या अ‍ॅपने ती थायलंड, सिंगापूर आणि इंडोनेशियातल्या दुकानांत पैसे देऊ शकतात, कारण मलेशियाने त्या तिघांशी आपली क्यूआर यंत्रणा जोडली: थायलंडशी २०२१ मध्ये, बाकी दोघांशी २०२३ मध्ये. पण आपल्या चहावाल्याचा `upi://` ने सुरू होणारा क्यूआर त्या अ‍ॅपला नुसता वाचता येऊन भागत नाही. मधे दोन्ही बाजूंचा करार, दर आणि हिशेब चुकता करणारी बँक असावी लागते.

मग रोख न्यायचीच नाही का?

न्यायची. जोमसोमच्या पुढे, मुक्तिनाथच्या पायऱ्यांवर, देवळाच्या पेटीत, गाढव-घोडेवाल्यांकडे, बसच्या थांब्यावरच्या चहात क्यूआरवर भरवसा ठेवू नका. नेटवर्क जातं, आणि घोडेवाल्याकडे व्यापारी क्यूआर क्वचितच असतो. न्यायच्या नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या ठेवा. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये शंभराहून मोठ्या भारतीय नोटा चालवायला बंदी घातली होती, आणि पाचशेची नोट पुढे केली की दुकानदार बिचकतो तो त्यामुळेच. मोठी बिलं, म्हणजे हॉटेलचं भाडं, गटाचं जेवण, गाडीचं भाडं, क्यूआरने द्या. किरकोळ खर्च नोटांनी भागवा.